सूचना न देता आजीचे बचत खाते गोठवले, तक्रार कशी करावी?

"आजीचं (वय ७८) बचत खातं बँकेने न कळवता बंद केलंय. पेन्शन जमा होते, पण काढता येत नाही. काय करू?"

आधी कारण लेखी मागा. माझ्या मावशीच्या वेळी काउंटरवर नुसतं "केवायसी राहिलंय" एवढंच सांगितलं. आम्ही शाखाधिकाऱ्यांना मावशीच्या सहीचा अर्ज दिला: खातं कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने गोठवलं आणि आधी पाठवलेल्या सूचनांच्या प्रती द्या. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. केवायसीची मुदत संपण्याआधी किमान तीन सूचना द्याव्यात, त्यातली एक पत्राने, असा रिझर्व्ह बँकेचा २०२५ चा नियम आहे. आमच्या शाखेकडे एकही प्रत निघाली नाही. कागदपत्रं घेऊन त्यांनी खातं सुरू केलं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच. सत्तरीपुढच्या ग्राहकांची कागदपत्रं घरी येऊन घेण्याची सोय बँकांनी करायची असते, तीही त्याच अर्जात मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करा. मात्र कारण कोर्टाचा किंवा पोलिसांचा आदेश असेल, तर बँकेकडून त्याचा तपशील घेऊन आदेश देणाऱ्यांकडेच जावं लागेल.