सिंकची जाळी गळते तेव्हा खालून लिंपू नका

प्रश्न: "किचन सिंकच्या जाळीच्या कडेने पाणी झिरपतंय, खालची ट्रॉली ओली होते. प्लंबर पुट्टी लावू की नवीन गॅस्केट घालू? घरच्या घरी जमेल का?"

खालून काहीही लिंपू नका, हे आधी सांगते. आमच्याकडे तीनदा लिंपून झालं आणि तिन्ही वेळा ट्रॉली परत ओली झाली.

आमचं घर जुळे सोलापुरात. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी घागरी, पिंपं, मोठी पातेली सगळी एकदम घासायला निघतात. सिंकमध्ये टोपी लावून पाणी भरायचं आणि त्यात भांडी बुडवून ठेवायची, ही आमची पद्धत. एकदा माझ्या लक्षात आलं की ट्रॉलीतला ज्वारीच्या पिठाचा डबा खालून ओला लागतो तो फक्त त्याच दिवशी. बाकीचे चार दिवस तांब्याने बेतून पाणी वापरतो तेव्हा खालचं प्लायवूड कोरडं असतं.

मी हे आमच्या भाऊजींना सांगितलं. घरातली दुरुस्ती त्यांच्याच शब्दाने होते. ते म्हणाले, "वहिनी, पाईप गळतोय. पाणी काय दिवस बघून गळतं का?" त्यांनी ओळखीचा प्लंबर आणला. त्याने ते दोन रंगांचे गोळे एकत्र मळून करतात त्या इपॉक्सीचा जाड थर जाळीच्या खालच्या नटाभोवती फासला. दीड महिना गेला आणि परत ओल. मग दुसरा थर, मग तिसरा. चौथ्या वेळी भाऊजींनी निकाल दिला: सिंकच खराब आहे, बदला.

पाणी साठलं की गळतं आणि वाहून जाताना गळत नाही, याचा अर्थ सरळ आहे. पाईप किंवा खालचा जोड खराब असता तर टोपी काढून पाणी सोडल्यावर गळलं असतं. साठलेलं पाणी जाळीच्या वरच्या कडेखाली, म्हणजे फ्लॅंज आणि सिंकचा पत्रा यांच्यामध्ये शिरतं आणि भोकाच्या काठावरून खाली उतरतं. तुम्हीही आधी हेच बघा. खालचा भाग फडक्याने पूर्ण कोरडा करा, टोपी लावून सिंक अर्धं भरा, अर्धा तास थांबा. मग टिश्यू पेपरचा तुकडा आधी सिंकच्या पोटाला, जिथे रबर टेकतं तिथे लावा आणि मग पाईपच्या नटाला. वर ओला झाला तर फ्लॅंज. दोन्हीकडे कोरडा राहिला तर पाणी सोडून परत बघा, तेव्हा खालचा जोड सापडेल.

भाऊजी गावाला गेले होते तेव्हा मी आणि माझ्या मुलाने जाळी काढली. नटाने दुपार खाल्ली. तीन थर इपॉक्सी दगड झालेली, छन्नीने खापऱ्या काढाव्या लागल्या. नट फिरवला की वरची जाळीही फिरायची, म्हणून मुलाने वरून पक्कडीचे दोन दांडे जाळीच्या फुलीत अडकवून धरले आणि मी खालून पाना लावला.

जाळी उचलली तर फ्लॅंजखाली पांढरं, खडूसारखं कडक काहीतरी भरलेलं. ज्याने सिंक बसवलं त्याने भिंतीची पुट्टी नाहीतर व्हाइट सिमेंट वापरलं असणार. त्याला दोन ठिकाणी आरपार चीर होती आणि चिरेत काळी चिकट रेघ, तिच्यात चहाची पूड. स्टीलचा पत्रा पातळ असतो. पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं की तो किंचित दबतो, आणि कडक भरलेलं काहीही तिथे फुटतंच. तिथे मऊ राहणारी वस्तू लागते. खालून कितीही फासलं तरी पाणी वरून आत शिरतच राहतं आणि ओल्या धातूवर इपॉक्सी नीट धरतही नाही.

आता पुट्टी की गॅस्केट. ते जाळी कुठली आहे त्यावर आहे. खालून मोठा नट असेल तर फ्लॅंजखाली पुट्टी आणि सिंकच्या खाली रबर वायसर, दोन्ही लागतात. जाळीच्या मधोमध एकच बोल्ट असेल, तर तिला वरूनही गॅस्केट येतं. तिथे नवीन गॅस्केट घाला, पुट्टी नको, कारण पुट्टीतल्या तेलाने रबर घसरतं आणि खराब होतं. जुनं गॅस्केट दुकानात घेऊन जा, अंदाजाने आणू नका.

हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "पुट्टी" म्हणालात तर भिंतीची पिशवी हातात देतील. मला तिसऱ्या दुकानात मिळाली, तीही "प्लंबर पुट्टी, डबीतली, मळता येते ती" असं सांगितल्यावर. काच बसवायची लांबीही घेऊ नका, ती वाळून कडक होते.

आम्ही जुनं सगळं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. आमच्या पाण्याचा क्षार भोकाच्या काठाला पांढरा जमला होता, तो व्हिनेगरचं फडकं ठेवून काढला, धुतलं आणि अगदी कोरडं केलं. पुट्टी हातात मळून पेन्सिलीपेक्षा थोडी जाड वळी केली, फ्लॅंजच्या खालच्या बाजूला गोल लावली आणि जाळी सरळ दाबून बसवली. खालून आधी रबर वायसर, मग कागदी चकती, मग नट. चकती नटाच्या बाजूलाच हवी, म्हणजे नट फिरताना रबराला पीळ बसत नाही. आमच्याकडे ती उलटी बसवलेली होती. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव ते अर्धा फेरा. चहूबाजूंनी पुट्टी बाहेर आली की थांबायचं आणि जास्तीची पुसून टाकायची. आणखी जोर लावला तर पत्रा वाकतो. पुट्टी वाळायची वाट बघावी लागत नाही, आम्ही लगेच सिंक भरून बघितलं.

भाऊजी परत आले तेव्हा टिश्यू पेपर त्यांच्याच हातात दिला. सिंक भरलेलं, अर्धा तास झालेला, कागद कोरडा. ते काही बोलले नाहीत. मला पाच वर्षं ऐकावं लागलं होतं की बायकांना पाईपातलं काय कळतं, म्हणून हे मी इथे लिहिते आहे. रोज त्या सिंकपाशी तीन तास जी उभी असते, तिचं म्हणणं आधी ऐकून घ्या.

एक राहिलं. सिंक ग्रॅनाइटचं, संगमरवरी किंवा प्लास्टिक-कंपोझिटचं असेल तर ही पुट्टी वापरू नका, तेलाचे डाग पडतात आणि काही प्लास्टिकला ती चालत नाही. तिथे सिलिकॉन लावा आणि चोवीस तास पाणी घालू नका. आणि जाळी काढल्यावर भोकाचा काठ गंजून खड्डे पडलेले दिसले, किंवा वाकलेला काठ लाकडी ठोकळ्यावर ठोकूनही सरळ होत नसेल, तर पुट्टी आणि गॅस्केट दोन्ही टिकणार नाहीत. तेवढ्या एका बाबतीत भाऊजींचं खरं, सिंक बदला.