खातं चुकून बंद झालं? डेटिंग ॲपच्या सपोर्टला पत्र लिहिण्याविषयी वाचकांचे प्रश्न

नवीन सिम घेतलं, ॲप पहिल्यांदाच डाऊनलोड केलं. ओटीपी टाकताच ‘तुमचं खातं नियमभंगामुळे बंद केलं आहे’ असा संदेश. माझं खातं कधी नव्हतंच, मग बंद काय केलं? — नाशिक

बंद झालेलं खातं बहुधा तुमचं नाही, तुमच्या नंबरच्या आधीच्या मालकाचं आहे. भारतात बंद पडलेला मोबाइल नंबर किमान 90 दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जातो. दूरसंचार नियामक ट्रायने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हेच सांगितलं होतं. ॲपच्या लेखी मात्र नंबर हीच माणसाची ओळख. आधीच्या मालकावर कारवाई झाली असेल, तर ती नंबराला चिकटून राहते आणि सिमबरोबर तुमच्याकडे येते.

हे ओळखायची खूण सोपी आहे. नाव, जन्मतारीख, फोटो काहीही भरायच्या आधी, ओटीपीनंतर थेट बंदीचा संदेश आला, तर कारण नंबरात असण्याची शक्यता मोठी. प्रोफाइल भरून झाल्यावर तासाभराने खातं गेलं, तर कारण तुमच्या फोटोत, मजकुरात किंवा फोनमध्ये शोधायला हवं. कधी कधी ओटीपीनंतर परक्या माणसाचं चालू खातंच उघडतं. तसं झालं तर त्यातलं काही वाचू नका, खातं डिलीटही करू नका. लॉगआउट करा आणि तेच सपोर्टला कळवा.

तुमचा मुख्य पुरावा म्हणजे सिम चालू झाल्याची तारीख. पोस्टपेड असेल तर पहिलं बिल, प्रीपेड असेल तर सिम सुरू झाल्याचा कंपनीचा एसएमएस. एसएमएस उडाला असेल तर कंपनीच्या दुकानातून सक्रियतेची तारीख लेखी मागा. आता युक्तिवाद एवढाच उरतो: बंद झालेलं खातं या तारखेच्या आधी उघडलेलं असेल, तर ते तुमचं असूच शकत नाही. खातं कधी उघडलं ती तारीख सपोर्टच्या स्वतःच्या नोंदीत असते, म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्यांना गरजच पडत नाही. चांगल्या पत्राची हीच खरी कसोटी.

समजा सिम 9 जानेवारी 2025 ला चालू झालं आणि खातं उघडायचा प्रयत्न 2 फेब्रुवारीला केला. पत्र असं लिहिता येईल:

> विषय: खाते निलंबन – नंबर पूर्वी दुसऱ्या ग्राहकाकडे होता – पुनर्विचाराची विनंती
>
> नमस्कार,
>
> 2 फेब्रुवारी 2025 रोजी रात्री 9.40 वाजता (भारतीय वेळ) मी +91 … या नंबराने पहिल्यांदा नोंदणी करत होतो. ओटीपीनंतर, प्रोफाइल भरण्याआधीच, खाते बंद असल्याचा संदेश आला (पुरावा 1).
>
> हा नंबर माझ्या नावावर 9 जानेवारी 2025 रोजी सुरू झाला (पुरावा 2). त्यापूर्वी तो माझ्याकडे नव्हता. तुमच्या सेवेत माझे याआधी कोणतेही खाते नव्हते.
>
> विनंती दोन आहेत:
> 1. या नंबरावरील बंद खाते कोणत्या तारखेला उघडले गेले, ते आपल्या नोंदीत तपासावे.
> 2. ती तारीख 9 जानेवारी 2025 पूर्वीची असल्यास हा नंबर त्या खात्यापासून वेगळा करून मला नवीन नोंदणी करू द्यावी.
>
> आणखी कागद हवे असल्यास कृपया कळवावे.
>
> (नाव, नोंदणीचा ईमेल, फोनचे मॉडेल, ॲपची आवृत्ती)

सपोर्ट मराठी वाचत असेल याची खात्री नसल्यामुळे प्रत्यक्षात इंग्रजीतच पाठवा. वाक्यं मुद्दाम आखूड ठेवली आहेत, म्हणजे भाषांतरात अर्थ सांडत नाही. वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ लिहायला विसरू नका. लॉग पाहणारा माणूस दुसऱ्या देशात असेल, तर वेळेच्या फरकामुळे त्याला तुमची नोंद सापडणार नाही. बिल जोडताना कॉलचा तपशील, पत्ता आणि रक्कम झाका. नाव, नंबर आणि तारीख दिसू द्या. आधार आपणहून जोडू नका. ॲपच्या स्वतःच्या पडताळणी पानावर मागितलं, तर शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्या.

आणि उत्तर येईपर्यंत त्याच फोनवरून दुसऱ्या नंबराने खातं उघडू नका. अनेक ॲप्स नंबराबरोबर फोनचीही नोंद ठेवतात. निर्दोष माणूस नेमका इथे अडकतो: आधी नंबर आधीच्या मालकाचा होता एवढंच होतं, आता ‘बंदी चुकवून पुन्हा आला’ ही नोंद खरोखर त्याच्या नावावर पडते.

एका मुलीशी बोलणं थांबवलं. ‘तुला रिपोर्टच करते’ असा तिचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी खातं बंद. माझ्याकडे चाळीस स्क्रीनशॉट आहेत. सगळे पाठवू का? — पुणे

तीन पाठवा. पहिला खातं बंद झाल्याच्या संदेशाचा, दुसरा धमकीच्या मेसेजचा, तिसरा त्या मेसेजच्या लगेच आधीच्या संभाषणाचा. चाळीस चित्रं उघडून गोष्ट जुळवत बसायला समोरच्याला वेळ नसतो, आणि उरलेल्या सदतीसांत तुम्ही रागात लिहिलेलं एखादं वाक्य सापडलं, तर तेच तुमच्या विरुद्ध जाईल.

स्क्रीनशॉटमध्ये एक चूक फार जणांची होते. व्हॉट्सॲप मेसेजवर फक्त वेळ दाखवतं. तारीख वर मधोमध येते, तीही सुरुवातीला ‘Today’ किंवा ‘Yesterday’ अशी. असा स्क्रीनशॉट आठवड्याने वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. पूर्ण तारीख दिसायला लागल्यावर तो पुन्हा घ्या, किंवा त्या चॅटमधला `Export chat` हा पर्याय वापरा. त्यातून मिळणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ असते. मूळ चित्र कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका. खूण करायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा आणि दोन्ही जोडा.

पत्रात ‘तिने खोटी तक्रार केली’ असं लिहू नका. ते तुम्हाला माहीत नाही, तुमचा अंदाज आहे. घटना क्रमाने मांडा: अमुक दिवशी मॅच झाली, अमुक दिवशी संवाद थांबवला, अमुक वेळी हा मेसेज आला, इतक्या तासांनी खातं बंद झालं. निष्कर्ष वाचणारा स्वतः काढेल. तक्रार कुणी केली हे ॲप सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे; खरोखर त्रास झालेल्या बाईचं नाव याच नियमामुळे सुरक्षित राहतं. तुम्ही एवढंच मागा: कारवाई कोणत्या नियमाखाली झाली, ती माझ्या कोणत्या मजकुरावर किंवा फोटोवर आधारलेली आहे, आणि ॲपमधलं आमचं पूर्ण संभाषण एखाद्या माणसाने वाचून फेरतपासणी करावी. खातं बंद झाल्यावर ते संभाषण तुम्हाला दिसत नाही, पण त्यांच्याकडे ते असू शकतं. म्हणून पत्र लवकर पाठवा.

सहा मेल केले. सहाही वेळा तेच छापील उत्तर: ‘निर्णय अंतिम आहे’. आता? — कोल्हापूर

सातवा मेल करू नका. प्रत्येक नव्या मेलची वेगळी तक्रार नोंदली गेली, तर तुमचा पुरावा एकीत आणि उत्तर दुसरीत अशी फाटाफूट होते. पहिल्या तक्रारीचा क्रमांक शोधा आणि यापुढे सगळं त्याच धाग्यात लिहा.

त्यानंतर दार बदला. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा सेवांना तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा संकेतस्थळावर द्यावा लागतो. ॲपच्या कायदेशीर अटींच्या पानावर, बहुतेकदा तळाशी, `Grievance Officer` असं शोधा. तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. निपटाऱ्यासाठी मूळ नियमात 15 दिवस होते. तुम्ही लिहाल तेव्हाच्या नियमात किती आहेत ते पाहून पत्रात तोच आकडा घाला. या पत्राला वेगळा सूर नको. तेच पुरावे, तोच क्रम, वर एकच परिच्छेद: ‘अमुक क्रमांकाच्या तक्रारीला अमुक तारखांना उत्तरं आली, पण त्यांत जोडलेल्या पुरावा 2 चा उल्लेख नाही. तो तपासून कारणासह निर्णय कळवावा.’ पुरावा वाचलाच गेला नाही, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. ‘सहा वेळा लिहिलं’ हे तितकं भक्कम नाही.

तिथेही समाधान झालं नाही, तर `gac.gov.in` वर तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करावं लागतं, म्हणून त्या उत्तराची तारीख जपून ठेवा. मर्यादाही सांगतो: ॲप ही खाजगी कंपनीची सेवा आहे, खातं परत मिळेलच असं समिती आधी सांगू शकत नाही. पण कागद नीट असतील तर निदान कारण लेखी मिळण्याची शक्यता वाढते.

चार वर्षांच्या भाच्याचा एकट्याचा फोटो प्रोफाइलवर टाकला होता. आता कळलं की ते नियमात बसत नाही. हे पत्रात कबूल करावं का? — ठाणे

करा, पहिल्याच ओळीत. सोबत मोठं माणूस नसलेल्या मुलाचा फोटो बहुतेक डेटिंग ॲप्सच्या नियमांत चालत नाही, आणि तो फोटो त्यांच्यासमोर आहेच. मूल भाचा आहे, फोटो कौतुकाने टाकला होता, खातं उघडताच काढून टाकेन, एवढं पुरे. ‘चुकून बंद केलं’ असं मात्र लिहू नका, कारण तसं झालेलं नाही. तुमची मागणी चूक दुरुस्त करण्याची नाही, कारवाई सौम्य करण्याची आहे.

सहा महिन्यांचे पैसे भरले होते. खातं गेलं, पण पुढचा हप्ताही कापला! — पणजी

खातं बंद होणं आणि वर्गणी बंद होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणी गुगल प्ले किंवा ॲपलमधून घेतली असेल, तर ती तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून आज रद्द करा. यूपीआय ऑटोपे असेल तर यूपीआय ॲपमधून मँडेट रद्द करा. परताव्यासाठी पावतीवरचा ऑर्डर क्रमांक लागतो. गुगलचा `GPA` ने सुरू होतो. ॲपलचा परतावा `reportaproblem.apple.com` वर मागतात. परताव्याची मागणी आणि खात्याची मागणी एकाच पत्रात घालू नका, नाहीतर पैसे परत करून तक्रार मिटवली जाते आणि खातं तसंच राहतं. पैशांवर उत्तरच आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

मी जर्मनीत असतो. इथे काही वेगळं आहे का? — म्युनिक

आहे, आणि तुमच्या बाजूने. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टनुसार खातं बंद करताना कारण द्यावं लागतं. अगदी छोट्या कंपन्या सोडल्या, तर निर्णयानंतर किमान सहा महिने अंतर्गत तक्रारीची सोय ठेवावी लागते, आणि त्या तक्रारीचा निकाल केवळ यंत्राने लावलेला चालत नाही. पत्रात कलम 17 आणि कलम 20 यांचा उल्लेख करा. जोडीला युरोपच्या माहिती संरक्षण कायद्याच्या, म्हणजे जीडीपीआरच्या, कलम 15 खाली स्वतःच्या माहितीची प्रत मागा. त्यासाठी साधारण एक महिन्याची मुदत असते.

इन्स्टाग्रामवर एक जण दोन हजारांत खातं परत मिळवून देतो म्हणतो. — सोलापूर

देऊ नका. सपोर्टच्या आत त्याचा हात पोचत नाही, आणि तो मागेल तो ओटीपी तुमच्याच दुसऱ्या एखाद्या खात्याचा असेल. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर नोंद करा.