एप्रिलमध्ये केआरए कसे लिहावेत?

डिस्पॅचची टीम माझ्याकडे आहे. दर मार्चमध्ये अप्रेझलवरून वाद होतात. केआरए कसे लिहू?

‘डिस्पॅच सुधारणे’ असं लिहिलंत तर भांडण ठरलेलंच. काय मोजायचं, आकडा कुठून घ्यायचा आणि कितीला किती रेटिंग, हे एप्रिलमध्येच लिहून दोघांनी सही करा. उदा. कबूल तारखेपर्यंत गेटबाहेर पडलेल्या ऑर्डरी: ९५ टक्क्यांना ३, ९७ ला ४, ९९ ला ५. तारीख गेटपासवरची धरा, कुणाच्या एक्सेलमधली नको. प्रॉडक्शनने माल उशिरा दिला तर ती ऑर्डर मोजायची का, हेही आत्ताच ठरवा; खरी वादावादी तिथेच होते. नुसता वेग मोजलात तर घाईत चुकीचा माल जाईल, म्हणून परत आलेल्या मालाचा केआरए सोबत हवाच. मध्येच मोठा ग्राहक सुटला तर टार्गेट ऑक्टोबरच्या आढाव्यात लेखी बदला.