मुळं बरोबर, उत्तर चूक

‘‘मॅडम, माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीत गणितात चांगले गुण होते. आता इनइक्वॅलिटीची उदाहरणं एकजात चुकताहेत. प्राथमिक शाळा मराठीतून झाली, म्हणून इंग्रजीतलं कळत नसेल का? ती म्हणते, गणित माझ्यासाठी नाही. वेळेत कॉमर्सला घालावं का?’’ — एक आई, डिचोली

भाषेचा संशय आपल्याकडच्या पालकांना आधी येतो, कारण पाचवीपासून माध्यम बदललेलं असतं. मी मात्र वही मागवली. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी गणित शिकवायचे, त्यामुळे गुणपत्रिकेपेक्षा वहीच मला जास्त सांगते.

पहिलंच उदाहरण होतं x² − x − 6 < 0. तिनं अवयव अचूक पाडले होते: (x − 3)(x + 2) < 0. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, x < 3 किंवा x < −2. पानोपानी हीच चूक. इंग्रजी न कळणाऱ्या मुलीची चूक अशी नसते. ही दहावीची सवय होती. गुणाकार शून्य असेल तर दोहोंपैकी एक तरी अवयव शून्य असतोच, म्हणून तिथं दोन तुकडे करून चालतं. गुणाकार ऋण असेल तर दोन्हींची चिन्हं विरुद्ध असावी लागतात. त्यांना वेगवेगळं सोडवता येत नाही.

हे मी तिला समजावलं नाही. म्हटलं, ‘‘तुझ्या उत्तरात −5 बसतो ना? घाल बघू.’’ तिनं घातला: (−8)(−3), म्हणजे 24. ती वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘पण मुळं तर बरोबर आहेत!’’

बरोबरच होती. मुळं ही फक्त हद्द. कुठल्या बाजूला काय आहे ते अजून बघायचं असतं. तिनं संख्यारेषेवर −2 आणि 3 मांडले, तीन भाग झाले. खाली प्रत्येक अवयवाची एक ओळ. −2 च्या डावीकडे दोन्ही अवयव ऋण, गुणाकार धन. मधल्या भागात x − 3 ऋण, x + 2 धन, म्हणून गुणाकार ऋण. 3 च्या उजवीकडे दोन्ही धन. आपल्याला ऋण हवं, म्हणून उत्तर −2 < x < 3.

आता तेच आलेखावर. x² चा सहगुणक धन, म्हणून पॅराबोला वर उघडणारा. अक्षाला −2 आणि 3 वर छेदतो, सर्वांत खालचा बिंदू x = 1/2 वर. ‘‘यातला ऋण भाग कुठला?’’ असं विचारल्यावर तिनं डावीकडची सगळी उतरती बाजू दाखवली. हा घोळ फार मुलांचा असतो, आणि मूल नुसतं गप्प बसून ऐकत असेल तर दिसतही नाही. उतरणं वेगळं, अक्षाच्या खाली असणं वेगळं. x = −5 पाशी वक्र उतरतच असतो, पण 24 इतक्या उंचीवर. मी पट्टी x-अक्षावर ठेवून वरचा भाग झाकला. खाली उरला तेवढा वक्र बघायचा, आणि उत्तर त्याच्या बरोबर वर, अक्षावर वाचायचं.

मग ती म्हणाली, ‘‘ट्यूशनमध्ये सांगितलंय, उजवीकडून धन, ऋण, धन असं लिहीत जायचं.’’ दोन वेगळी मुळं आणि x² चा सहगुणक धन असेल तोवर हे चालतं. मी तिला x² − 4x + 4 > 0 दिलं. हे (x − 2)²; पॅराबोला अक्षाला 2 वर टेकून परत वर जातो, चिन्ह बदलतच नाही. उत्तर, 2 सोडून सर्व वास्तव संख्या. त्यानंतर x² − 4x + 5 > 0. विवेचक −4 आला आणि तिनं लगेच लिहिलं, ‘उत्तर नाही’. मुळं नाहीत हे खरं, पण हे (x − 2)² + 1 आहे. सर्वांत खालचा बिंदूसुद्धा अक्षापासून 1 एककानं वर, म्हणजे प्रत्येक वास्तव संख्या उत्तरात. तिथंच चिन्ह < 0 केलं असतं, तर ‘उत्तर नाही’ बरोबर ठरलं असतं. चिन्हतक्त्यात मांडायला हद्दच नसते तेव्हा पॅराबोलाचं कच्चं चित्र कामी येतं, म्हणून दोन्ही हवेत.

तुमच्या मुलीला कॉमर्स मनापासून हवं असेल तर तो वेगळा विषय. या वहीवरून मात्र मी शाखा बदलणार नाही. अवयव आणि मुळं ती चुकत नाही. घरी तुम्ही एवढं करा, त्यासाठी गणित यावं लागत नाही: उत्तर आलं की मुळांमुळे संख्यारेषेचे जे भाग होतात, त्या प्रत्येकातली एक संख्या मूळ उदाहरणात घालून दाखवायला सांगा. उत्तरातल्या जुळल्या पाहिजेत, बाहेरच्या जुळता कामा नयेत. टोकाच्या संख्यांची चूक यात सापडणार नाही. तिथं चिन्ह < आहे की ≤, हे तिनंच बघायचं.