राहू, केतू आणि पंचांगातला ‘शर’

प्रश्न : आमच्या गावात म्हणतात, “गिरान अवसेलेच लागते.” मग दर अवसेले का नाही लागत? पंचांगात ग्रहणापुढं ‘केतुग्रस्त’ असं लिहिलं असते. राहू आणि केतू हे ग्रह तर दिसत नाहीत, मग त्यांचे अंश पंचांगात कसे काय देतात?

उत्तर : राहू आणि केतू हे आकाशातले गोळे नाहीत, जागा आहेत. ज्योतिषगणिताच्या जुन्या ग्रंथांत या जागांना ‘पात’ म्हणतात. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेने फिरताना दिसतो ते क्रांतिवृत्त. चंद्राची वाट वेगळी आहे, ती या क्रांतिवृत्ताशी सुमारे सव्वापाच अंशांनी तिरपी आहे. गावाला वळसा घालणाऱ्या दोन पांदणी जशा दोनच ठिकाणी एकमेकींना ओलांडतात, तशा या दोन वाटा आकाशात समोरासमोरच्या दोन ठिकाणी छेदतात. चंद्र जिथे दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडतो तो राहू आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो तो केतू. म्हणून दोघांत नेहमी नेमके १८० अंश असतात, आणि म्हणूनच त्यांचे अंश गणिताने काढता येतात.

चंद्र क्रांतिवृत्तापासून जितका वर किंवा खाली असेल त्या अंतराला ‘शर’ म्हणतात. अमावास्या म्हणजे चंद्र आणि सूर्य एकाच दिशेला येणं. पण त्या वेळी चंद्राचा शर मोठा असेल, तर चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो आणि त्याची सावली पृथ्वीला चुकवते. हा शर कमाल सव्वापाच अंशांपर्यंत जातो. सूर्यसिद्धान्तात तो साडेचार अंश धरला आहे. दुर्बिणीशिवाय मोजलेल्या कोनासाठी हा आकडा फारसा लांब नाही.

आता ग्रहण लागायला शर किती लहान हवा? सूर्य आणि चंद्र दोघंही आकाशात अर्ध्या अंशाएवढे दिसतात. म्हणजे पृथ्वीच्या मध्यावरून पाहिलं, तर दोन बिंबं एकमेकांना टेकायला शर साधारण अर्ध्या अंशाच्या आत हवा. पण आपण पाहतो पृष्ठभागावरून, आणि पृथ्वी चंद्राच्या मानाने मोठी आहे. नागपूरहून आणि उत्तर ध्रुवावरून चंद्र एकाच जागी दिसत नाही. पृथ्वीच्या निम्म्या रुंदीमुळेच जवळपास एक अंशाचा फरक पडतो. हे दोन्ही मिळवले की सुमारे दीड अंशाची मर्यादा येते. दीड अंशाच्या आतल्या शराला पृथ्वीवर कुठे तरी ग्रहण दिसतं, त्यापलीकडे कुठेच नाही. पाताच्या भाषेत सांगायचं तर अमावास्येला सूर्य राहू किंवा केतूपासून १५ अंशांच्या आत असला तर ग्रहण नक्की, साडेअठरा अंशांपलीकडे असला तर कधीच नाही. मधल्या पट्टीत चंद्र जवळ आहे की लांब, यावर ठरतं.

हे घरच्या पंचांगावर तपासून पाहता येतं. २५ ऑक्टोबर २०२२ ची दिवाळीची अमावास्या घ्या. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी होऊन गेलं होतं आणि पाडवा एक दिवस पुढं गेला, म्हणून ती अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी पंचांगात सूर्य तूळ राशीत ८ अंशांच्या आसपास आणि केतूही तुळेतच, १९-२० अंशांवर. वजाबाकी साडेअकरा. १५ च्या आत, म्हणजे ग्रहण लागणारच, आणि जवळचा पात केतू, म्हणून ‘केतुग्रस्त’. चंद्र अजून केतूपर्यंत पोचला नव्हता, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या उत्तरेला सुमारे एक अंश होता. त्यामुळे गडद सावली पृथ्वीच्या उत्तर बाजूवरून निसटली आणि सर्वत्र खंडग्रासच दिसलं. विदर्भात ते पावणेपाचच्या सुमारास लागलं आणि तसंच ग्रहण लागलेला सूर्य मावळला. याला पंचांगात ‘ग्रस्तास्त’ हा नेमका शब्द आहे. वेचणीच्या दिवसांत, कपाशीच्या शेतातून परततानाच ते दिसलं असेल.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला, १३ नोव्हेंबर २०२३ ला, मात्र सूर्य केतूपासून सुमारे २७ अंश पुढे होता. चंद्राचा शर सव्वादोन अंशांच्या वर, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या चौपटीहून जास्त. सावली पृथ्वीपासून दूर गेली. अमावास्या तीच, आश्विनातलीच, पण ग्रहण नाही.

एका वर्षात इतका फरक कसा पडला? दोन कारणं आहेत. पहिलं, त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणून दोन दिवाळ्यांमध्ये बारा नव्हे, तेरा चांद्रमास गेले. दुसरं, पात स्वतःच सरकतात, आणि तेही उलट. ज्योतिषात राहू-केतू नेहमी वक्री म्हणतात ते याचमुळे. सूर्याच्या ओढीने चंद्राची तिरपी वाट हळूहळू वळते आणि पात १८ वर्षं ७ महिन्यांत एक फेरी पूर्ण करतात, म्हणजे एका राशीत दीड वर्ष. सूर्य पुढे चालतो, पात मागे येतो, म्हणून सूर्य त्याच पाताला वर्षाऐवजी सुमारे ३४६ दिवसांतच पुन्हा गाठतो. बारा चांद्रमास होतात ३५४ दिवसांचे. म्हणजे दर बाराव्या अमावास्येला सूर्य पाताच्या मानाने आधीपेक्षा आठेक अंश पुढे सरकलेला असतो.

हे आठ अंश २०२२ नंतरच्या तीन ग्रहणांत उघड दिसतात. १४ ऑक्टोबर २०२३ ला, सर्वपित्रीला, सूर्य केतूच्या ४ अंश मागे होता. शर थोडासा, म्हणून कंकणाकृती ग्रहण, ते अमेरिकेत दिसलं. २ ऑक्टोबर २०२४ ला, पुन्हा सर्वपित्रीला, ४ अंश पुढे. परत कंकणाकृती, पण आता चंद्र केतू ओलांडून दक्षिणेला उतरला होता, आणि पट्टा दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे गेला. २१ सप्टेंबर २०२५ ला सर्वपित्रीलाच साडेअकरा अंश पुढे. खंडग्रास, तेही न्यूझीलंड-अंटार्क्टिकाकडे. उत्तरेकडून आत आलेली सावली चार अमावास्यांत दक्षिणेकडून बाहेर पडली. पंचांगं भारतात न दिसणारी ग्रहणं फार ठळक देत नाहीत, म्हणून ही तीन गावात कुणाला जाणवली नसतील.

याच्या पुढची बारावी अमावास्या म्हणजे सप्टेंबर २०२६ मधली पोळ्याची अवस. तेव्हा सूर्य केतूपासून जवळजवळ २० अंश पुढे असेल. मर्यादा ओलांडली, ग्रहण नाही. पण सूर्य पाताच्या हद्दीत येऊन बाहेर पडेपर्यंत महिनाभराहून थोडे जास्तच दिवस लागतात आणि अमावास्या साडेएकोणतीस दिवसांनी येतेच, त्यामुळे ती हद्द रिकामी जात नाही. पोळ्याआधीची, १२ ऑगस्ट २०२६ ची आषाढी अमावास्या तीत पडते, आणि स्पेन-आइसलंडमध्ये त्या दिवशी खग्रास ग्रहण आहे. वर्षात असे दोन काळ येतात, एक राहूचा आणि एक केतूचा, म्हणून सूर्यग्रहणं वर्षाला दोनपेक्षा कमी कधीच नसतात.

तुमच्या शिवारातून पाहायचं असेल तर २ ऑगस्ट २०२७ ची आषाढी अवस लक्षात ठेवा. पावसाळी ढग नसतील तर दुपार कलल्यावर पश्चिमेला खंडग्रास दिसेल. डोळ्यांना ग्रहणाचा खास चष्मा लावूनच पाहा, आणि आदल्या दिवशी पंचांगातून सूर्याचे आणि केतूचे अंश काढून वजाबाकी करून ठेवा.