जागराचा क्रम स्वयंसेवकांना कसा कळवावा?

महाशिवरात्रीला आमच्या मंदिरात रात्रभर चार प्रहरांची पूजा आणि मधल्या वेळात भजन असतं. स्वयंसेवकांना क्रम कळवणारा मेसेज कसा लिहावा? दरवर्षी वेळांचा घोळ होतो.

आधी प्रहर काढा, भजनी मंडळांना वेळा नंतर द्या. प्रहर म्हणजे घड्याळाचे तीन तास नव्हेत. तुमच्या गावचा सूर्यास्त ते दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय, या वेळेचे चार सारखे भाग करायचे. समजा सूर्यास्त ६:४० आणि सूर्योदय ६:५८. रात्र १२ तास १८ मिनिटांची झाली, म्हणून एक प्रहर ३ तास साडेचार मिनिटांचा. जवळच्या पाच मिनिटांना धरून मेसेज असा होईल:

> रविवारची रात्र, सोमवारची पहाट
> रवि. संध्या. ६:४० पहिली पूजा, दूध. हजर ६:१०
> रवि. रात्री ९:४५ दुसरी, दही. हजर ९:१५
> सोम. रात्री १२:५० तिसरी, तूप. हजर १२:२०
> सोम. पहाटे ३:५५ चौथी, मध. हजर ३:२५
> सोम. सकाळी ७:०० आरती, प्रसाद
> प्रत्येक पूजेआधी १० मिनिटं भजन थांबेल.

द्रव्यांचा क्रम तुमच्याकडे वेगळा असेल तर तोच ठेवा. पण बारानंतरच्या ओळींवर वार लिहाच. नुसतं 'रविवारी रात्री १२:५०' लिहिलं की हमखास कोणीतरी शनिवारची रात्र धरतं. 'हजर'ची वेळ वेगळी दिली नाही, तर माणसं पूजेच्याच वेळेला येतात आणि आधीच्या तुकडीला जागा सोडता येत नाही.

तिसऱ्या पूजेच्या ओळीखाली जास्त सूचना लागतात. निशीथकाळ, म्हणजे रात्रीच्या पंधरा भागांतला आठवा, वरच्या हिशेबाने साधारण १२:२५ ते १:१५. महाशिवरात्रीच्या पूजेची हीच मुख्य वेळ मानतात, म्हणजे सगळ्यात मोठी गर्दी याच पूजेला. शिवाय थंडीत तूप थिजतं. ते १२:२०ला कोमट करायला कोणी घ्यायचं, हे नावानिशी लिहा. अभिषेकानंतर गाभाऱ्याची फरशी निसरडी होते, गार पाण्याने तूप निघत नाही. गरम पाण्याची बादली, कोरडी फडकी आणि उंबऱ्याशी एक माणूस, एवढं ठरवून ठेवा.

उशीर झाला तर काय कापायचं, तेही आधीच लिहा: कापायचं ते भजन, पूजा नाही. रंगलेलं भजन थांबवायला सांगायची कोणालाच हिंमत होत नाही, म्हणून ते काम एकाच ज्येष्ठ माणसाकडे द्या आणि भजनी मंडळाला ते आधी कळवा.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर आणि वाद्यं चालत नाहीत; बारापर्यंतची सूट फक्त शासनाने ठरवलेल्या दिवसांना असते. सूट नसेल तर ९:४५च्या ओळीतच '१० वाजता स्पीकर बंद' लिहा. त्यानंतर मंदिराच्या आत, दारं लावून, पखवाज-टाळांवरच भजन, म्हणून स्पीकरशिवाय ऐकू जाईल अशा खड्या आवाजाचं मंडळ पहिल्या प्रहरात नको, उत्तररात्री ठेवा.

काही बदललं तर नुसती दुरुस्तीची ओळ टाकू नका. पूर्ण मेसेज पुन्हा पाठवा, वर 'सुधारित, रविवार दुपारी ४' लिहा आणि जुना काढून टाका.