दोन ब्लूटूथ स्पीकर आणि मागे पडणारा टाळ

प्रश्न: माझ्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्लूटूथ स्पीकर आहेत. सॅमसंगच्या फोनवरून दोन्हीवर एकदम गाणं लागतं, पण एक जरा मागून वाजतो, घुमल्यासारखं होतं. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये आरतीला लावायचेत. दोन्ही एकत्र, जमलं तर स्टिरिओत, कसे वाजवू?

या दोघांची स्टिरिओ जोडी होणार नाही, आणि फोनच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलंत तरी तो मागे पडणाराही पुढे येणार नाही. गेल्या वर्षी आमच्या हॉलमध्ये मी याच खटाटोपात दोन संध्याकाळी घालवल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

फोनवरून दोन स्पीकर जोडता तेव्हा फोन एकच गाणं दोघांना वेगवेगळं पाठवत असतो. हवेतून जाताना गाण्याचे काही तुकडे हरवतात, ते पुन्हा पाठवावे लागतात. तेवढ्यात आवाज तुटू नये म्हणून प्रत्येक स्पीकर आधी थोडा साठा करून ठेवतो आणि मग वाजवायला लागतो. हा साठा म्हणजे बफर. तो किती ठेवायचा हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. एकाचा शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांचा, तर दुसऱ्याचा दोनशेच्याही वर. एकच स्पीकर असेल तर गाणं पाव सेकंद उशिरा सुरू झालं काय, कुणाला पत्ता लागत नाही. दोन झाले की त्यांच्या साठ्यातला फरक ऐकू येतो, कारण दुसरा स्पीकर आहे हेच त्या दोघांना माहीत नसतं.

आमचा फरक मी मोजला. दोन्ही स्पीकर टेबलावर चिकटून ठेवले, फोनवर मेट्रोनोम लावला, सेकंदाला एक ठोका. समोर अर्ध्या मीटरवर, दोघांपासून सारख्या अंतरावर दुसरा फोन ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि ते लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. प्रत्येक ठोक्याला एकाऐवजी दोन टोकं दिसत होती, मध्ये ८५ मिलिसेकंदांचं अंतर. स्पीकर बंद करून पुन्हा जोडले तर तेच अंतर ११० झालं. म्हणजे एकदा जुळवून ठेवू म्हटलं तरी सोय नाही, दर जोडणीला आकडा वेगळा.

साधारण ३० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक गाण्यात आपला कान एकच आवाज समजून पोटात घालतो. टाळ, टाळी, ढोलकीची थाप असले टोकदार आवाज त्याआधीच दुहेरी वाटू लागतात. ८५ला तर टाळ सरळ सरळ ‘टण-टण’ असा दोनदा वाजतो.

एकाच मॉडेलच्या दोन स्पीकरांत हे होत नाही, कारण तिथे फोन फक्त एकाशीच बोलतो. तो मुख्य स्पीकर गाणं दुसऱ्याला पोचवतो. ब्लूटूथवर जोडलेली दोन यंत्रं सेकंदाला १६०० वेळांपर्यंत रेडिओ-वाहिनी बदलत असतात, तीही बरोबरीनं. म्हणून त्यांची घड्याळं मुळातच जुळवलेली असतात. त्याच घड्याळावर मुख्य स्पीकर ठरवतो की हा तुकडा अमुक क्षणी वाजवायचा, आणि तोवर स्वतःही थांबतो. उशीर दोघांनाही होतो, पण सारखाच. खोक्यावर टीडब्ल्यूएस लिहिलेलं असतं ते हेच. कंपन्यांनी या जोडणीला आपापली नावं दिलीत आणि ती एकमेकांत चालत नाहीत. एकाच कंपनीतही नाही: जेबीएलचा कनेक्ट प्लसवाला जुना स्पीकर पार्टीबूस्टवाल्याशी जोडला जात नाही.

मग मी शेजाऱ्यांकडून सारख्या मॉडेलची जोडी आणली. ती जोडतानाही एक घोळ झाला. दुसरा स्पीकर आधी माझ्या फोनशी जोडलेला होता, त्यामुळे चालू केला की मुख्य स्पीकरकडे न जाता तो फोनलाच जाऊन चिकटायचा. म्हणून आधी फोनच्या ब्लूटूथ यादीतून दोन्ही स्पीकर काढून टाका. मग दोन्ही शेजारी ठेवून चालू करा, जोडीचं बटण दाबा (कुठे एकावर, कुठे दोन्हींवर, माहितीपत्रक बघा), जुळल्याची खूण ऐकू आली की मगच फोन जोडा, आणि यादीत दिसेल त्या एकाच नावाला. बऱ्याच स्पीकरांत बटणानं फक्त पार्टी मोड लागतो, म्हणजे दोन्हींवर तेच गाणं. डावं-उजवं वेगळं करायचं असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये स्टिरिओ निवडावा लागतो.

आरतीला मात्र स्टिरिओ मुळीच लावू नका. डाव्या भिंतीशी बसलेल्यांना फक्त डावा भाग ऐकू येईल. घरी सोफ्यावर एकट्यानं ऐकायला स्टिरिओ, हॉलला पार्टी मोड.

जोडी जुळली, मेट्रोनोमला एकच टोक दिसलं, मी खूश. स्पीकर हॉलच्या दोन टोकांना ठेवले, अठरा मीटरवर. पहिल्याच आरतीला मागच्या रांगेतले काका म्हणाले, “अहो, अजून मागे पडतोय की तुमचा तो!” आणि त्यांचं बरोबर होतं. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. काका मागच्या स्पीकरला खेटून बसलेले, पुढच्याचा आवाज त्यांच्यापर्यंत यायला ५० मिलिसेकंदांहून जास्त लागत होते. यात ब्लूटूथचा काही दोष नाही, वायर टाकली असती तरी हेच झालं असतं. दोन्ही स्पीकर गणपतीच्या बाजूला आणले, चार मीटरच्या अंतरानं, तोंड लोकांकडे. घुमणं गेलं.

तेव्हा तुम्हीही आधी दोन्ही शेजारी ठेवून ऐका. तरीही टाळ दुहेरी वाजला तर दोष बफरचा. शेजारी असताना नीट आणि लांब नेल्यावर बिघडलं, तर तो अंतराचा. तिसरा प्रकार म्हणजे एक स्पीकर मध्येच गप्प होऊन पुन्हा सुरू होतो. तिथे सिग्नल तुटतोय. माणसाचं शरीर हा सिग्नल चांगलाच अडवतं, भरल्या हॉलमध्ये जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचं हे हमखास होतं. दोन्ही डोक्याच्या वर येतील असे ठेवा आणि फोन खिशातून काढून मुख्य स्पीकरजवळ ठेवा.

आता तुमच्याकडे आहेत त्या दोघांचं काय? दोन्हींना ऑक्सची जागा असेल तर फोनच्या हेडफोनच्या भोकातून एकाच्या दोन वायरी करणारा स्प्लिटर लावा (भोक नसलेल्या फोनला यूएसबी-सीचा डोंगल लागेल). ब्लूटूथ बाजूला पडलं की त्याचे बफरही गेले, दोन्ही बरोबर वाजतील. एक वायरवर आणि दुसरा ब्लूटूथवर असं मात्र करू नका, मग ब्लूटूथचा पूर्ण उशीर ऐकू येतो. एकालाच ऑक्स असेल तर दोघांतला मोठा एकटाच लावा. दोन बेताल स्पीकरांपेक्षा ते बरं.

नवीन घेणार असाल तर ऑराकास्ट या ब्लूटूथच्याच नव्या सोयीचं नाव ऐकाल. त्यात आवाज कधी वाजवायचा हे पाठवणाराच सगळ्यांना सांगतो, त्यामुळे वेगळ्या कंपन्यांचेही तालात राहू शकतात. पण पैसे देण्याआधी दुकानात दोन्ही शेजारी लावून मेट्रोनोम ऐका.

आणि कुणी माईकवर आरती म्हणणार असेल तर माईक वायरनंच जोडा. स्वतःचा आवाज पाव सेकंदानं परत ऐकू आला की म्हणणारा दुसऱ्या कडव्यातच अडखळतो.